सायरन वाजल्यानंतरची वीस सेकंदं

कारखान्यात नव्यानं रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी एका खोलीत बसवतात आणि इंडक्शन फिल्म दाखवतात. फिल्म संपली की रजिस्टरवर सही घेतात, हेल्मेट आणि सेफ्टी शूज हातात देतात आणि शॉप फ्लोअरवर पाठवतात. अशा फिल्मची निवेदनं मी बरीच वर्षं लिहीत आले आहे. त्यातलं एक निवेदन मी चुकीचं लिहिलं. त्यातली माहिती बरोबर होती, व्याकरण शुद्ध होतं, कंपनीच्या सगळ्या खात्यांची मंजुरी होती. तरीही ऐकणाऱ्याच्या हाती त्यातलं फार थोडं लागत होतं. हे मला कळलं तेव्हा ती फिल्म कारखान्यात काही महिने रोज दाखवली जात होती.

कारखाना चाकण पट्ट्यातला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. अधिकाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी फिल्म आधीच तयार होती आणि तीच कामगारांसाठी हिंदीत आणि मराठीत करायची होती. चित्र लॉक झालेलं होतं, म्हणजे कुठलं दृश्य किती सेकंद राहणार हे ठरून गेलं होतं. माझ्याकडे इंग्रजी संहिता आली ती दोन रकान्यांची. डावीकडे दृश्य आणि त्याची वेळ, उजवीकडे निवेदन. मी उजवा रकाना मराठीत करायचा आणि दिलेल्या वेळेत बसवायचा, असं काम होतं. मराठी फिल्म बघणार होती ती लातूर, बीड, नांदेड, सोलापूर भागातून आलेली आयटीआय झालेली मुलं आणि ठेकेदाराकडची माणसं.

आणीबाणीच्या भागाला 20 सेकंदं होती. तिथं मी हे वाक्य लिहिलं:

‘कोणत्याही प्रकारच्या आपत्कालीन परिस्थितीत सायरन वाजल्यानंतर सर्व कर्मचाऱ्यांनी हातातील काम तत्काळ थांबवून, आपल्या यंत्राचा वीजपुरवठा खंडित करून, आपल्या विभागाच्या जवळच्या आपत्कालीन निर्गमन मार्गाने धावपळ न करता गेट क्रमांक दोनजवळील असेंब्ली पॉइंटवर जमा होऊन सुपरवायझरकडे आपली हजेरी नोंदवणे आवश्यक आहे आणि पुढील सूचना मिळेपर्यंत तेथून हलू नये.’

एका वाक्यात सगळं बसलं, म्हणून तेव्हा मला ते चांगलं जमलेलं वाटलं होतं. एकही सूचना सुटली नव्हती. 46 शब्द होते आणि 20 सेकंदांत ते वाचून होत होते. इंग्रजी निवेदनात मिनिटाला 150 शब्द हा सर्वसाधारण हिशेब धरतात. माझे शब्द त्याहून कमीच होते, त्यामुळे वेगाची शंका माझ्या मनात आली नाही.

हा हिशेबच मराठीला लावायला नको होता. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘दोनजवळील’ हा मोजताना एक शब्द, पण त्यात आकडा आहे, जागा आहे आणि पुढच्या नामाशी जोडही आहे. ‘कर्मचाऱ्यांनी’, ‘वाजल्यानंतर’, ‘मिळेपर्यंत’ हे सगळे एकेकच शब्द. संख्या कमी दिसते, उच्चारायला मात्र वेळ लागतो, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्दाची आतून उकल करायची असते. सूचना द्यायच्या असतील तर मराठीत मिनिटाला 100 ते 110 शब्द माझ्या कानाला बरे वाटतात. या हिशेबानं माझं वाक्य मध्ये कुठंही न थांबता वाचलं तरी 26 सेकंदांचं होतं. मी ते 20 सेकंदांत कोंबलं होतं. आवाज देणारा कलाकार कसलेला होता, म्हणून त्याला ते एका दमात वाचता आलं. त्याच्या कसबानं माझी चूक झाकली गेली.

ती उघडी पडली मॉक ड्रिलमध्ये. सायरन वाजला, माणसं बाहेर आली, असेंब्ली पॉइंटवर हजेरी झाली. हजेरीनंतर पुन्हा मोजणी केली तर नव्या तुकडीतली काही जणं कमी भरली. आत कुणी राहिलं असेल असं धरून बचाव पथक शॉपमध्ये शिरलं. ती माणसं कँटीनच्या दिशेनं गेली होती. हजेरी लागली म्हणजे काम संपलं, असा त्यांचा समज झाला होता.

सेफ्टी ऑफिसरनं मला फोन केला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो म्हणाला, ‘‘मॅडम, ड्रिल होतं म्हणून निभावलं. खरी आग असती तर बाहेर सुखरूप असलेल्या माणसांना शोधायला माझी पोरं धुरात गेली असती.’’ मग त्यानं मला कारखान्यात येऊन, कामगारांबरोबर बसून फिल्म बघायला सांगितलं. मी ती माझ्या खोलीत हेडफोन लावून कितीदा तरी ऐकली होती. जिथं ती वाजणार होती तिथं एकदाही ऐकली नव्हती.

खोलीत दोन पंखे होते. भिंतीपलीकडे प्रेस शॉप होतं आणि त्याचे ठोके जमिनीतून जाणवत होते. प्रोजेक्टरला जोडलेले दोन छोटे स्पीकर समोर टेबलावर ठेवले होते. मी शेवटच्या रांगेत बसले. माझंच निवेदन कानावर पडत होतं आणि शब्द माहीत असूनही मला त्यातला बराच भाग धरता येत नव्हता. ‘सायरन वाजल्यानंतर’ नीट ऐकू आलं. ‘गेट क्रमांक दोन’ ऐकू आलं. मधलं सगळं एकसंध वाहून गेलं आणि शेवटचं ‘हलू नये’ संगीतात बुडालं.

फिल्म संपल्यावर सेफ्टी ऑफिसरनं विचारलं, ‘‘समजलं का?’’ सगळे एका आवाजात हो म्हणाले. मग माझ्या शेजारच्या मुलाला मी विचारलं, ‘‘सायरन वाजला तर तू काय करशील?’’ तो म्हणाला, ‘‘बाहेर जायचं, दोन नंबरच्या गेटवर.’’ ‘‘आणि मग?’’ ‘‘हजेरी द्यायची.’’ ‘‘आणि मग?’’ तो गप्प राहिला. त्यानं लक्ष दिलं होतं. जेवढं ऐकू येण्यासारखं होतं तेवढं त्याच्याकडे शाबूत होतं.

घरी येऊन मी ते वाक्य समोर ठेवलं आणि ते कुठं निसटतं ते बघितलं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘थांबवून’, ‘करून’, ‘होऊन’ अशी अर्धी क्रियापदं एकापुढे एक लावत गेलं की ऐकणाऱ्याला त्यातलं प्रत्येक तसंच धरून ठेवावं लागतं, कारण वाक्य अजून संपलेलं नसतं. वाचणारा मागे जाऊन पुन्हा पाहू शकतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. तिसऱ्या क्रियापदाशी पहिलं सुटतं.

त्याहून धोक्याची गोष्ट नकाराची. आपला नकारही शेवटीच येतो. ‘तेथून हलू नये’, ‘गार्ड उघडू नका’, ‘हात घालू नका’. वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो आणि आवाज खाली उतरतो. पुढचं दृश्य येणार म्हणून संकलकानं नेमकं तिथंच संगीत वर आणलेलं असतं. म्हणजे ज्या एका शब्दानं वाक्याचा अर्थ उलटा होतो, तो सगळ्यात दुबळ्या जागी पडतो. ‘मशीन चालू असताना गार्ड उघडू नका’ यातलं ‘नका’ गेलं, तर मागे जे उरतं ते फार भयंकर आहे. हे लक्षात आल्यावर मी जुन्या संहिता काढून पाहिल्या. नकारानं संपणारी सुरक्षेची वाक्यं त्यांत जागोजागी होती.

मग सेफ्टी ऑफिसरबरोबर बसून मी तो भाग नव्यानं लिहिला. या वेळी इंग्रजी संहिता बाजूला ठेवली आणि सायरन वाजल्यावर माणूस कुठल्या क्रमानं काय करतो ते त्याला तोंडी सांगायला लावलं. ‘यंत्राचा वीजपुरवठा खंडित करून’ यावर तो अडला. ‘‘हे कुणी लिहिलं? माणूस पॅनेलकडे धावेल ना! त्यानं फक्त स्वतःच्या मशीनचं लाल बटण दाबायचं.’’ ते मीच लिहिलं होतं. इमर्जन्सी स्टॉपचं ते लाल बटण प्रत्येक मशीनवर समोरच होतं आणि मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. माझा शब्द नुसता अवघड नव्हता. तो माणसाला चुकीच्या जागी पाठवू शकला असता. ‘निर्गमन मार्ग’ही गेला. दारावर हिरवी पाटी होती, कामगार त्याला ‘हिरव्या पाटीचं दार’च म्हणत होते.

शेवटी ठरलेला मजकूर असा होता. एक तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे मोठा:

‘सायरन वाजला, की हातातलं काम थांबवा. / मशीनचं लाल बटण दाबा. // हिरव्या पाटीच्या दारानं बाहेर पडा. / चालतच जा. // गेट नंबर दोनजवळ असेंब्ली पॉइंट आहे. / तिथं थांबा. // सुपरवायझर तुमचं नाव घेईल. // नाव घेतल्यावरही तिथंच थांबा. / सूचना मिळाली, की मगच निघा.’

हे 38 शब्द आहेत. आधीच्यापेक्षा फक्त आठ कमी. पण आता एका वाक्यात एकच कृती आहे आणि ती ज्या क्रमानं करायची त्याच क्रमानं येते. एकही वाक्य नकारावर संपत नाही. ‘धावपळ न करता’ऐवजी ‘चालतच जा’ आलं, ‘हलू नये’ऐवजी ‘तिथंच थांबा’ आलं. यातलं शेवटचं अक्षर हरवलं तरी अर्थ उलटत नाही. प्रत्येक नकार असा फिरवता येत नाही, हेही खरं. ‘गार्ड उघडू नका’ला मी ‘आधी मशीन बंद करा, मगच गार्ड उघडा’ असं केलं. जिथं निव्वळ मनाईच आहे तिथं नकार ठेवला, पण त्याच्यानंतर एक दीर्घ थांबा लिहिला आणि तिथं संगीत बंद ठेवायची सूचना डाव्या रकान्यात घातली.

या भागाला मी 40 सेकंदं मागितली. 38 शब्द बोलायला साधारण 22 सेकंदं लागतात. उरलेल्या वेळात कुणीच बोलत नाही, फक्त चित्र दिसतं: बटणावर पडणारा हात, हिरवी पाटी, शॉपच्या दारापासून गेट नंबर दोनपर्यंतची वाट. एचआरच्या लोकांना ते रिकामं वाटलं. फिल्म लांबेल, असा त्यांचा आक्षेप होता. तो अवाजवी नव्हता, कारण रोज तेवढा वेळ तुकडी खोलीत बसून राहते. मग मी सुरुवातीचा कंपनीच्या शाखांचा भाग समोर ठेवला. कुठल्या राज्यात किती कारखाने आहेत याची यादी त्यात वाचली जात होती. प्रेस शॉपमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी त्या यादीचा काही उपयोग नव्हता. ती निवेदनातून काढून नकाशावर नुसती दाखवली आणि 20 सेकंदं तिथून मिळाली.

दुसरी चूक मी याच दुरुस्तीच्या रेकॉर्डिंगला केली. पहिल्या वेळी घाई झाली होती, म्हणून या वेळी मी कलाकाराला सांगितलं, ‘‘दादा, सावकाश वाचा.’’ त्यानं तसं वाचलं. प्रत्येक शब्द ताणला गेला. ‘सायरन’ लांबला, ‘वाजला’ लांबला, दोन शब्दांमध्ये फट पडली. स्टुडिओत ते मला शांत वाटलं. चित्रावर बसवल्यावर ऐकणारा पेंगू लागेल असं झालं, आणि शब्द इतके दूर गेले होते की वाक्याची सुरुवात आणि शेवट पुन्हा एकमेकांपासून तुटले होते. संकलकानं वेळ वाचवायला आवाज सॉफ्टवेअरमधून थोडा वेगानं चालवून पाहिला. थोड्याशा बदलानंही आवाजाला एक कृत्रिम ताण आला. पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं आणि त्याचा खर्च मी सोसला.

दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळी कलाकारानंच मला नीट समजावलं. तो म्हणाला, ‘‘वाक्य मला माझ्या बोलण्याच्या चालीनं वाचू द्या. फक्त वाक्य संपलं की मला थांबू द्या. कुठं आणि किती, ते कागदावर लिहा.’’ घाईचा संबंध शब्दांच्या वेगाशी मी लावला होता. ऐकणाऱ्याला घाई जाणवते ती दोन वाक्यांच्या मध्ये जागा नसल्यामुळे. नेहमीच्या वेगानं बोललेलं छोटं वाक्य कान सहज उचलतो, आणि त्यानंतरची एक-दीड सेकंदाची शांतता त्याला ते आत ठेवायला पुरते. म्हणून तिरक्या रेघा आल्या. आधी मी कंसात ‘थांबा’ असंच लिहीत असे. या मजकुरात ‘थांबा’ ही सूचनाही होती, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ झाला असता. रेघ कुणी चुकून वाचत नाही.

संकलकाला एक विनंती तेव्हापासून नेहमी करते: श्वास कापू नका. आवाज स्वच्छ करताना वाक्याआधीचा श्वास काढून टाकायची पद्धत आहे. तो फार मोठा असेल तर हळू करावा, पण पूर्ण काढला की ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य येतंय याची चाहूल लागत नाही आणि सगळं एकमेकाला चिकटून आल्यासारखं वाटतं. थांब्यात आवाज शून्यावर नेऊ नये, स्टुडिओची शांतता रेकॉर्ड करून तीच तिथं लावावी. नाहीतर स्पीकर बंद पडला की काय असं वाटून माणसं मागे वळून बघतात.

तिसरी चूक त्याच फिल्ममध्ये होती आणि तिच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. ती मला मागच्या रांगेत बसल्यावर दिसली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, त्याचा एक भाग फिल्ममध्ये होता. पडद्यावर अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर येत होते आणि त्याच वेळी माझं निवेदन तक्रार कशी करायची ते सांगत होतं. खोलीतल्या दोन मुली नंबर टिपून घेत होत्या. त्या टिपत असताना माझं निवेदन सांगत होतं, की तक्रार लेखी द्यायची असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि स्वतः लिहिता येत नसेल तर समितीनं लिहायला मदत करायची असते. शेवटची गोष्ट कायद्यातच आहे आणि बऱ्याच बायकांना ती ठाऊक नसते. ती वाया गेली. डोळ्याला एक काम आणि कानाला दुसरं दिलं की माणूस एकच करतो, आणि त्या मुलींनी नंबर टिपायचं ठरवलं ते योग्यच होतं.

नव्या आवृत्तीत पडद्यावर आधी काहीच अक्षरं ठेवली नाहीत. निवेदन एवढंच: ‘कामाच्या जागी कुणी तुमच्याशी लैंगिक गैरवर्तन केलं, तर अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. // तक्रार लेखी द्यायची असते. / लिहिता येत नसेल, तर समितीच तुम्हाला लिहायला मदत करेल. // घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत या. // समितीची नावं आणि नंबर आता पडद्यावर दिसतील. ते लिहून घ्या.’ त्यानंतर निवेदन थांबतं आणि नावांची पाटी शांततेत राहते, तिसऱ्या रांगेतल्या माणसाला पेननं दोन नंबर उतरवून घेता येतील इतका वेळ. काही कारणानं उशीर झाला तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. पण ते निवेदनात घातलं की तीन की सहा असा घोळ होतो. ती माहिती छापील पत्रकात गेली.

नावं निवेदनात वाचायची नाहीत, हेही तिथंच ठरलं. समिती बदलते, माणसं नोकरी सोडतात. आवाजात नाव आलं की प्रत्येक बदलाला पुन्हा स्टुडिओ लागतो, आणि तो खर्च टाळायला कंपनी जुनं नावच वाजू देते. पाटीवरचं नाव संकलक दहा मिनिटांत बदलतो. पीएफचा यूएएन नंबर 12 आकड्यांचा असतो, हे वाक्यही मी निवेदनातून काढलं. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या क्षणी त्या माहितीचं काहीच करता येत नाही. पगाराच्या पहिल्या चिठ्ठीबरोबर जो कागद जातो, त्यात त्या माहितीची जागा होती.

या सगळ्यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. आता मी आधी निवेदन लिहिते आणि माझ्याच आवाजात, मोबाइलवर, थांब्यांसकट रेकॉर्ड करते. आवाज बरा असायची गरज नसते, वेळ खरा असावा लागतो. संकलक त्या कच्च्या आवाजावर चित्र लावतो. त्यामुळे दृश्य किती वेळ राहणार हे वाक्य ठरवतं. कलाकाराचं रेकॉर्डिंग त्यानंतर होतं. तयार चित्रावर मराठी बसवायची वेळ आलीच, तर शब्द दाबण्याआधी मी विचारते, की यातलं कुठलं दृश्य गोठवून लांबवता येईल आणि यातली कुठली माहिती गाळता येईल. दोन्ही होणार नसेल, तर आणीबाणीचा भाग वेगळी छोटी फिल्म म्हणून करू द्या, असं सांगते.

खात्यांच्या मंजुरीच्या फेऱ्यांतही एक बदल केला. पूर्वी संहिता कागदावर जायची आणि प्रत्येक खातं एखादं वाक्य वाढवून परत पाठवायचं. कागदावर एक वाक्य वाढलं तर काहीच जाणवत नाही. आता मी कागदाबरोबर तो कच्चा आवाजही पाठवते आणि सुचवलेलं वाक्य घालून नव्यानं वाचून दाखवते. ऐकल्यावर बहुतेक जण आपलं वाक्य स्वतःहून मागे घेतात. जे घेत नाहीत त्यांचं वाक्य बहुधा खरोखर गरजेचं असतं.

निवेदन पोचलं की नाही, हे मी ‘समजलं का’ असं विचारून ठरवत नाही. फिल्म एकदा दाखवायची, थोडा वेळ दुसरं काही बोलायचं, आणि मग विचारायचं: सायरन वाजला तर पहिल्यांदा काय करशील, त्यानंतर काय, आणि तिथून कधी निघशील. तिसऱ्या प्रश्नाशी माणसं अडखळली, तर दोष वाक्याचा आहे असं धरून मी ते वाक्य बदलते.

त्या कारखान्यात पुढच्या ड्रिलला नव्या तुकडीतली माणसं हजेरीनंतरही जागेवर उभी राहिली. त्याचं सगळं श्रेय फिल्मला देता येणार नाही. त्या ड्रिलआधी सेफ्टी ऑफिसर स्वतः प्रत्येक तुकडीला गेट नंबर दोनपर्यंत चालत नेऊन आणत होता. चांगलं निवेदन त्या चालण्याची जागा घेऊ शकत नाही, ते फक्त त्याच्या आड येत नाही.

माझ्या करारात आता एक कलम असतं: मराठी निवेदन ऐकून मंजूर झाल्याशिवाय चित्र लॉक होणार नाही. ते मान्य नसलेली कामं मी घेत नाही. तशी काही कामं हातची गेली, पण ते 46 शब्दांचं वाक्य पुन्हा लिहिण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.